शुभेच्छापत्रावरचं वांगं

शिझुओका, 10 जानेवारी 2026

ती. आजीस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आमच्या घरमालकीणबाईंचं कार्ड आणि सोबत जोडलेलं माझं मराठी भाषांतर तुला मिळालं, हे फोनवर कळलं. ‘नव्या वर्षाच्या कार्डावर वांगं कशाला गं?’ हा तुझा प्रश्न मात्र फोनवर दोन मिनिटांत मिटणारा नव्हता, म्हणून हे पत्र.

वांगं एकटं बघू नकोस. त्याच्या वर ससाणा आहे आणि मागे बर्फाची टोपी घातलेला फुजी. 1 जानेवारीच्या रात्री पडणाऱ्या वर्षातल्या पहिल्या स्वप्नाला इथे फार महत्त्व. स्वप्नात काय दिसलं तर वर्ष चांगलं जातं, त्याचा क्रमही ठरलेला: पहिला फुजी, दुसरा ससाणा, तिसरं वांगं. असं का, याची उत्तरं अनेक. जपानीत वांग्याला ‘नासु’ म्हणतात आणि काम तडीस नेणं या अर्थाचं क्रियापदही तसंच उच्चारतात, म्हणून ते शुभ, असं काही जण सांगतात.

मला दुसरी गोष्ट आवडते, कारण ती आमच्या गावची आहे. तोकुगावा इएयासू हा जपानचा सर्वसत्ताधीश शोगुन. 1605 मध्ये त्याने पद मुलाला दिलं आणि 1607 पासून तो इथल्या सुन्पू किल्ल्यात राहिला. फुजी इथून दिसतो. ससाणा हातावर घेऊन शिकारीला जायचा त्याला भारी नाद. आणि इथल्या समुद्रकाठच्या वाळूत हंगामाच्या आधी निघणारी वांगी त्याच्याकडे नजराणा म्हणून जायची, म्हणे. त्या काळी अवेळी आलेलं वांगं म्हणजे चैन. म्हणजे यादीतल्या तिन्ही गोष्टी इएयासूच्या आवडीच्या. ते ओरिदो गावचं वांगं मध्यंतरी लागवडीतून गेलंच होतं. अलीकडे पुन्हा पिकवू लागलेत. जपानी वांगी एरवी लांबट असतात, पण हे गोल, भरल्या वांग्याला घ्यावं तसं. घरमालकीणबाईंनी चित्रात तेच काढलंय.

आता खालची होडी. चांगलं स्वप्न पडावं म्हणून त्या रात्री या होडीचं चित्र उशीखाली ठेवायची जुनी रीत आहे. होडीत सात देव बसलेत. त्यातली वाद्य वाजवणारी बाई तू ओळखलीस का? ती आपली सरस्वती. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे इथे आली, वीणेच्या जागी बिवा नावाचं तंतुवाद्य आलं आणि नाव झालं बेंझाइतेन. मूळची नदीदेवता असल्यामुळे असेल, तिची देवळं बहुधा तळ्याकाठी नाहीतर बेटावर असतात. चिलखत घातलेला आहे तो कुबेर. पोत्यांवर उभा राहून हसणारा गुटगुटीत देव मात्र कुणालाच पटकन ओळखू येणार नाही: तो महाकाल! इथे येऊन तो धनधान्याचा देव झाला. उरलेल्या चौघांपैकी तिघं चिनी आणि मासा धरलेला एकटा अस्सल जपानी. सातांत स्थानिक देव एकच, आणि याचं इथे कुणाला काही वाटत नाही.

‘थंडीत कुडकुडताना वसंताचं स्वागत कसलं करतात?’ हेही विचारलं होतंस. जपानचं नवं वर्ष पूर्वी चांद्र पंचांगाने, साधारण फेब्रुवारीच्या सुमाराला यायचं. 1873 मध्ये सरकारने युरोपीय कॅलेंडर लागू केलं आणि सण 1 जानेवारीला आला, पण कार्डावरचा मजकूर जागचा हलला नाही. आपण गुढीपाडवा जानेवारीत नेला असता आणि तरी चैत्रपालवीच्याच शुभेच्छा देत राहिलो असतो, तसं.

शेवटची ओळ वाचून तू काळजीत पडलीस, पण त्यांना तुझ्याकडून काही नको आहे. आपण ‘लोभ असावा’ लिहितो, तेवढंच ते.

उत्तर मात्र अवश्य लिही. इथे नववर्षाची कार्डं साधारण 7 जानेवारीपर्यंतच चालतात. त्यानंतर थंडीत प्रकृतीची विचारपूस करणारं पत्र पाठवतात, तेही 4 फेब्रुवारीच्या आत, कारण त्या दिवशी इथल्या पंचांगात वसंत लागतो. टपालाला वेळ लागून उशीर झालाच, तर ‘उरलेल्या थंडीतली विचारपूस’ म्हणून फेब्रुवारीअखेरपर्यंत चालतं. तेव्हा शुभेच्छा नकोत; तब्येत कशी आहे, थंडी किती आहे, एवढंच विचार. मराठीतच लिही, जपानी मी करून देईन. आणि जमलं तर भरल्या वांग्याची कृती मापासकट लिही, त्या मागतायत.

तुझी नात