श्वानदंश आणि लसीचे दिवस

गतवर्षी बऱ्हाणपुरात आमच्या वखारीतील हमालाच्या पोटरीस कुत्रा चावून रक्त आले. कोणी जखमेत तिखट भरू लागले. ते थांबवून आम्ही साबण व वाहत्या पाण्याने जखम घड्याळ लावून १५ मिनिटे धुवविली. सरकारी रुग्णालयात त्याच दिवशी जखमेभोवती प्रतिद्रव्य टोचले व दंडाच्या त्वचेत पहिली लस दिली. तो दिवस शून्य धरून पुढील लसी ३, ७ व २८ व्या दिवशी होत्या.

तिसरीनंतर तो म्हणाला, "शेटजी, जखम तर भरली!" परंतु जखम भरली तरी विषाणू मज्जातंतूंतून मेंदूकडे सरकत असू शकतो. त्यास आठवडे, कधी महिने लागतात. तेवढाच अवधी लसीस मिळतो. पाण्याचे भय दिसू लागल्यावर रोगी बहुधा वाचत नाही. चौथ्या लसीस आम्हीच त्यास घेऊन गेलो.