कोबीतली अळी आणि मेंदूतली गाठ

कोबी चिरताना आत हिरवी अळी निघाली की घरातलं कोणीतरी हमखास बजावतं, नीट बघून घे, तो किडा डोक्यात जातो. मेंदूत जाऊन बसणारा जंत खरा आहे आणि त्यामुळे फिट येतात हेही खरं आहे. पण ती अळी म्हणजे तो जंत नव्हे. ती एका पतंगाची अळी. भाजीबरोबर शिजून चुकून पोटात गेली तरी मेंदूपर्यंत पोचत नाही. ज्याला खरोखर भ्यायला हवं ते नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही, आणि ते येतं माणसाच्या आतड्यातून.

या जंताचं नाव टीनिया सोलियम, डुकरामार्फत येणारा पट्टकृमी. पूर्ण वाढला की तो माणसाच्या लहान आतड्यात दोन ते चार मीटर लांब होतो आणि वर्षानुवर्षं तिथेच राहू शकतो. ज्याच्या पोटात तो आहे त्याला बहुतेकदा काहीच त्रास नसतो. जंताच्या शेपटाकडचे चपटे, पांढरट तुकडे अधूनमधून शौचावाटे पडतात आणि अशा एका तुकड्यात पन्नास हजारांच्या आसपास अंडी असतात. उघड्यावर पडलेली विष्ठा डुकराने खाल्ली की ही अंडी त्याच्या पोटात फुटतात, आतली पिल्लं रक्तावाटे स्नायूंत जाऊन बसतात आणि पाण्याने भरलेल्या गाठी तयार होतात. असं मांस कच्चं राहिलं आणि कोणी खाल्लं, की त्या माणसाच्या आतड्यात नवा जंत वाढतो. हे चक्र डुक्कर आणि माणूस या दोघांवर चालतं.

गोंधळ होतो तो यापुढे. गाठी असलेलं डुकराचं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात जंत होतो, मेंदूत गाठ होत नाही. मेंदूत गाठ होते ती अंडी पोटात गेली तर, म्हणजे आपण डुकराच्या जागी आलो तर. आणि अंडी फक्त एकाच ठिकाणाहून येतात: ज्याच्या आतड्यात जंत आहे अशा माणसाच्या विष्ठेतून. शौचानंतर हात नीट न धुता त्याने पोळ्या लाटल्या, फळं चिरली, पाणी भरलं, की ती दुसऱ्याच्या तोंडात जाऊ शकतात. तो स्वतःही यातून सुटत नाही. आपल्याच हातांवरची अंडी आपल्याच पोटात जातात. सांडपाण्यावर पिकवलेली पालेभाजी न धुता कच्ची खाल्ली तरी धोका आहे, पण तेव्हाही मूळ माणसाच्या आतड्यातच असतं.

हे किती खरं आहे ते न्यूयॉर्कमधल्या एका प्रकरणाने दाखवून दिलं. १९९० आणि १९९१ मध्ये तिथल्या सनातनी ज्यू समाजातल्या चार जणांना वारंवार फिट येऊ लागल्या. चौघं एकमेकांच्या नात्यातले नव्हते. मेंदूत गाठी सापडल्या आणि निदान झालं ते याच जंताचं. डुक्कर त्यांच्या धर्मात निषिद्ध, कोणी ते कधी खाल्लेलं नव्हतं. मग अंडी आली कुठून? तपास घराघरांत गेला. चारही घरांत लॅटिन अमेरिकेतून अलीकडेच आलेल्या बायका घरकामाला होत्या. त्यांच्यातल्या एकीच्या शौच तपासणीत जंत सापडला, दुसऱ्या एका घरातल्या बाईच्या रक्तात जंताच्या संसर्गाच्या खुणा मिळाल्या. रुग्णांच्या घरच्या सतरा जणांचं रक्त तपासलं, तर सात जणांना कधी ना कधी अंड्यांचा संसर्ग झालेला दिसला. त्यातल्या दोघांच्या मेंदूत गाठीही निघाल्या. त्या बायकांचा यात काहीच दोष नव्हता. आपल्या पोटात काय आहे याची जंत बाळगणाऱ्याला सहसा कल्पनाच नसते. आपल्याकडे ज्या घरांत मांसाला शिवतही नाहीत, तिथल्या मुलांनाही हा आजार होतो, तो याच मार्गाने.

पोटात गेल्यावर अंड्यातलं पिल्लू आतड्याची भिंत भेदून रक्तात जातं आणि मेंदूत, स्नायूंत किंवा डोळ्यात मुक्काम करतं. काही आठवड्यांत त्याची पारदर्शक गाठ होते, साधारण सेंटिमीटरभर, आणि तिच्या आत जंताचं चिमुकलं डोकं असतं. जिवंत असेपर्यंत ही गाठ शरीराच्या बचावाला चुकवत राहते आणि बहुधा शांत असते. कधी कधी अशी वर्षंच्या वर्षं जातात. ती मरायला लागली की मात्र शरीराला तिचा सुगावा लागतो, भोवती सूज येते, आणि पहिली फिट तेव्हा येते. म्हणून नेमकी कधी लागण झाली हे रुग्णाला आठवण्याची शक्यता फारच कमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार हा जंत जिथे रुजलेला आहे अशा अनेक भागांत अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे तो असतो.

भारतात या आजाराचं रूप बहुधा एकाच गाठीचं असतं. समजा, दहा वर्षांच्या एका मुलीचा उजवा हात अचानक झटके देऊ लागला, मग ती बेशुद्ध पडली, दहा मिनिटांत शुद्धीवर आली. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला एक चमकणारं कडं दिसतं, भोवती सुजेचा काळसर पट्टा. कड्याच्या आत एक ठिपका दिसला तर निदान जवळजवळ पक्कं, कारण तो ठिपका म्हणजे जंताचं डोकं. पण दर वेळी तो दिसत नाही, आणि क्षयाची गाठही अशीच दिसू शकते. सीटी स्कॅन आपल्याकडे नवा होता त्या काळात अशा अनेक रुग्णांना क्षय समजून महिनोन्महिने क्षयाची औषधं दिली गेली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात मॅथ्यू चंडी आणि वेदांतम राजशेखर यांनी काढलेल्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून दाखवलं की यातल्या बहुतेक या जंताच्या आहेत. मग त्यांनी साध्या कसोट्या ठरवल्या: कडं २० मिलिमीटरपेक्षा लहान, मेंदूतला दाब वाढलेला नाही, हातापायाची कमजोरी वाढत चाललेली नाही, आणि अंगात दुसरीकडे क्षयासारखा आजार नाही. एवढं जुळलं तर कवटी उघडायची गरज नाही, क्षयाची औषधंही नकोत. थांबायचं, आणि काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन काढायचा. पुष्कळदा कडं आपोआप नाहीसं झालेलं असतं.

त्या मुलीला फिट रोखणारं औषध लगेच सुरू होतं आणि कडं जाईपर्यंत तरी चालतं. अल्बेंडाझोल दिलं जातं, पण सोबत सूज कमी करणारं स्टेरॉइड लागतं, कारण गाठ मरताना सूज वाढते आणि फिटही वाढू शकतात. म्हणून दुकानातून जंताची गोळी आणून डोक्यातल्या गाठीवर घेणं धोक्याचं आहे. मेंदूत असंख्य गाठी असून मेंदूच सुजलेला असेल तर जंतनाशक देतच नाहीत. डोळ्यात गाठ असेल तर त्याने दृष्टीच जाऊ शकते, म्हणून आधी डोळे तपासतात. काही गाठी विरघळत नाहीत, त्यांचा चुन्याचा खडा बनतो. त्या मेलेल्या खड्यावर अल्बेंडाझोलचा उपयोग नाही, पण तो राहिला तर फिट पुन्हा येण्याची शक्यता जास्त, आणि औषध लांबतं.

मुलगी बरी झाली तरी जंत कोणाच्या तरी पोटात आहेच, आणि मुलांच्या बाबतीत तो बहुधा जवळच असतो. म्हणून डॉक्टरांनी घरच्यांना, स्वयंपाक करणाऱ्याला आणि मूल सांभाळणाऱ्यालाही विचारायला हवं: शौचात कधी चपटे पांढरे तुकडे दिसले का? लाजेपोटी नाही म्हणतील, म्हणून एकांतात विचारावं. शौच तपासणी एकदा रिकामी आली तर ती पुन्हा करावी, कारण अंडी रोज पडत नाहीत. जंत सापडलाच तर निक्लोसामाइडचा एक डोस पुरतो. हे औषध रक्तात जवळजवळ शोषलं जात नाही, आतड्यातच काम करतं, त्यामुळे त्या माणसाच्या मेंदूत एखादी मूक गाठ असलीच तर तिला डिवचत नाही. जंताचं डोकं आत राहिलं तर तो पुन्हा वाढतो, म्हणून दोन-तीन महिन्यांनी शौच आणखी एकदा तपासून घेतात.