घरपोच मालाची फेरी : खर्च आणि रोकड

बंगळुरूत सुरू झालेल्या डंझो या घरपोच सेवेत रिलायन्स रिटेलने २०२२ मध्ये मोठी गुंतवणूक केली होती. तरीही सततच्या तोट्यामुळे जानेवारी २०२५ मध्ये ती सेवा बंद पडली. जो खर्च एवढ्या भांडवलालाही पेलला नाही, तो कारंजा किंवा रिसोडच्या किराणा दुकानदाराने आधी कागदावर मांडणे श्रेयस्कर.

समजा, कारंज्यातील एका दुकानाने दरमहा ९,००० रुपये वेतनावर मुलगा ठेवला. महिन्याचे कामाचे दिवस २६ आणि रोजच्या फेऱ्या १२ धरल्यास एका फेरीवर वेतनाचे २९ रुपये पडतात. जाऊन-येऊन सहा किलोमीटरला पेट्रोल सुमारे १४ रुपयांचे आणि गाडीची झीज सहा रुपये. एकूण ४९ रुपये. फेऱ्या सहावर आल्या की हाच खर्च ७८ रुपयांवर जातो. पुष्कळ दुकानदार केवळ पेट्रोल मोजतात. रिकाम्या बसलेल्या मुलाचे वेतन मात्र हिशेबात येत नाही. ६०० रुपयांच्या किराण्यावर आठ टक्के नफा म्हणजे ४८ रुपये. तो पहिल्याच हिशेबात संपतो. म्हणून फेऱ्या कमी असतील, तर प्रतिफेरी मोबदला घेणारा मुलगा परवडतो. ॲपवरून स्वार मागवतानाही त्याचे भाडे याच ४८ रुपयांशी ताडून पाहावे.

आपल्या वस्त्यांत आणखी एक अडचण येते. चौविहार पाळणाऱ्या घरांना माल सूर्यास्तापूर्वी पुरेसा आधी हवा असतो. त्यामुळे दुपारनंतर मागण्यांची एकच गर्दी होते. चार वाजेपर्यंतची मागणी त्याच दिवशी, असा नियम ठेवून एका गल्लीतील तीन घरे एका फेरीत घेतली, तर प्रत्येक घरामागील खर्च बराच उतरतो.

रोकडीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. सकाळी मुलाला २०० रुपयांची सुटी नाणी-नोटा सही घेऊन द्यावीत. प्रत्येक फेरीनंतर बिल क्रमांकानुसार रोख, यूपीआय आणि उधारी वेगवेगळी लिहावी. हिशेब रात्रीवर ढकलू नये. क्यूआर दुकानाच्याच खात्याचा असावा. ग्राहकाने दाखवलेले मोबाइलवरील छायाचित्र पुरावा मानू नये. रक्कम दुकानाच्या खात्यात जमा झाल्याचे पाहावे.

खरी फसगत मात्र निराळीच असते. आज मिळालेली रोकड खिशात राहते, ते बिल ‘उद्या देणार’ म्हणून लिहिले जाते आणि उद्याच्या वसुलीतून आजची तूट भरली जाते. गल्ला रोज जुळतो, म्हणून संशय येत नाही. उधारीची एकूण रक्कम फारशी बदलत नाही, पण त्यातील नावे रोज बदलतात, ही तिची खूण. नेहमी रोखीने घेणारी घरे त्या यादीत दिसू लागली, की त्याच संध्याकाळी दोन घरी मालकाने स्वतः दूरध्वनी करून विचारावे.