राहिलेलं शेवटचं रीडिंग

मिथाइल ॲसिटेट या एस्टरचं आम्लात विघटन करण्याचा प्रयोग रसायनशास्त्राच्या अनेक विद्यार्थ्यांनी केलेला असतो. विघटन होत जातं तसं ॲसिटिक आम्ल वाढत जातं. म्हणून दर दहा मिनिटांनी ५ मिली द्रावण पिपेटने काढायचं, अभिक्रिया थोपवण्यासाठी बर्फाच्या पाण्यात सोडायचं आणि बरेटमधून सोडियम हायड्रॉक्साइड थेंबथेंब टाकत फिकट गुलाबी रंग येण्याची वाट पाहायची. दुपारभरात रीडिंगचा तक्ता भरतो. पण एक रीडिंग उरतं. अभिक्रिया पूर्ण होईपर्यंत, साधारण २४ तास, फ्लास्क बूच लावून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी ‘इन्फिनिटी रीडिंग’ घ्यायचं. दराचा स्थिरांक काढताना प्रत्येक रीडिंग या आकड्यातून वजा होतं. तो नसेल तर तक्ता तसाच पडून राहतो.

अशा वेळी विद्यार्थिनी आजारी पडली तर? एक नमुना घेऊ. तिने प्रयोग केला ४ ऑगस्ट २०२५ रोजी. ५ तारखेला तापाने फणफणली, डेंग्यू निघाला, १३ तारखेला रुग्णालयातून घरी आली. रिपोर्टची मुदत ११ ऑगस्टलाच उलटून गेली होती. फ्लास्क तर लॅब असिस्टंटने कधीच धुऊन ठेवला होता.

मॅडमना मेल लिहायला बसल्यावर तिच्या पहिल्या खर्ड्यात ताप किती चढला, प्लेटलेट कुठवर उतरल्या, सलाइन किती लागल्या हे सगळं आलं. तीन वेळा माफी मागून झाली. शेवटी ‘लवकरात लवकर रिपोर्ट देते’. एवढं वाचूनही मॅडमना दोन गोष्टी कळल्या नसत्या: प्रयोग कुठवर झालाय आणि रिपोर्ट कधी येणार.

दुसरा खर्डा असा उतरला. विषयाच्या ओळीत रोल नंबर, प्रयोगाचं नाव आणि ‘उशिरा सादर, २२ ऑगस्टपर्यंत मुदतीची विनंती’. खाली मजकूर:

‘आदरणीय मॅडम, ११ ऑगस्टला द्यायचा रिपोर्ट आज, १४ ऑगस्टला, अपूर्ण स्वरूपात जोडत आहे. ५ ते १३ ऑगस्ट मी रुग्णालयात दाखल होते. प्रमाणपत्र सोबत आहे. सिद्धांत, कृती आणि ४ तारखेची रीडिंग पूर्ण आहेत. इन्फिनिटी रीडिंग घेता आलं नाही, त्यामुळे स्थिरांक काढलेला नाही. डॉक्टरांनी १८ तारखेपासून कामाची परवानगी दिली आहे. १९ तारखेच्या बॅचमध्ये प्रयोग पुन्हा करू दिलात, तर २० तारखेला इन्फिनिटी रीडिंग घेऊन २२ तारखेला पूर्ण रिपोर्ट देईन. चालेल का?’

आजाराचं नावही यात नाही. मॅडमना निर्णय घ्यायला लागतात त्या तारखा. बाकीचं काम प्रमाणपत्राचं. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांना दिलेल्या प्रमाणपत्रांची नोंदवही ठेवावी लागते, प्रत जपावी लागते आणि प्रमाणपत्रावर रुग्णाची सही किंवा अंगठा व एक ओळखखूण घ्यावी लागते. मेलमधल्या तारखा प्रमाणपत्रातल्या तारखांशी तंतोतंत जुळायला हव्यात. प्रमाणपत्र ६ तारखेपासूनचं आणि मेलमध्ये ५, एवढ्यावरूनही खऱ्या आजाराबद्दल उगाच शंका येते. ‘कधीपासून फिट’ हेही प्रमाणपत्रात असलेलं बरं, कारण तिला पुन्हा आम्ल हाताळायचंय.

खरी मेहनत आहे ती २२ तारखेत. फक्त इन्फिनिटी रीडिंग नव्याने घेऊन ते जुन्या तक्त्याला जोडता येत नाही, कारण ते त्याच मिश्रणाचं असावं लागतं. नव्या मिश्रणात एस्टर किंवा आम्ल किंचित कमीजास्त पडलं, तरी आकडा बदलतो. म्हणजे अख्खा प्रयोग पुन्हा. त्याला एक दुपार, मग २४ तास, मग आकडेमोड, आलेख आणि लेखन यांना दोन दिवस. घाईघाईत ‘२० तारखेला देते’ लिहिलं असतं, तर अभिक्रिया पूर्ण व्हायच्या दिवशीच रिपोर्ट मागितला गेला असता आणि दुसरी माफी लिहावी लागली असती. शिवाय २७ तारखेला गणपती. २२ हुकली तर पुढची तारीख सुट्टीपलीकडेच जाते.

या मोहात आणखी एक धोका आहे. शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीचं इन्फिनिटी रीडिंग उचलून रिपोर्ट पूर्ण दाखवायचा. ते पकडता येतं: प्रत्येक वेळेसाठी काढलेला स्थिरांक जवळपास सारखा यायला हवा, पण परक्या आकड्याने तो एका दिशेने सरकत जातो. अनुभवी परीक्षकाला तो उतार तक्त्यातच दिसतो. ‘काढलेला नाही’ हे दोन शब्द मेलमध्ये असल्यामुळे तिच्यावर ती पाळी येत नाही.

अशा मेलला उत्तरही छोटंच येतं. ‘१९ ला बॅच भरलेली आहे, २० ला सकाळी ये. रिपोर्ट २३ ला चालेल. आणि या वेळी फ्लास्कवर नाव, तारीख आणि “धुऊ नये” असं लिहून ठेव.’