बचत वाढली की देश कायम वेगाने वाढतो का? सोलो मॉडेलमधला हमखास चुकणारा प्रश्न समजून घ्या

अर्थशास्त्राच्या नेट-सेटपासून एम.ए.च्या प्रवेश परीक्षांपर्यंत एक प्रश्न वेगवेगळ्या रूपात फिरून फिरून येतो. "सोलो मॉडेलमध्ये बचतीचा दर वाढला आणि तंत्रज्ञान आहे तसंच राहिलं, तर दीर्घकाळात प्रति कामगार उत्पादनाच्या वाढीचा दर काय होईल?" पर्याय असतात: वाढेल, कमी होईल, बदलणार नाही, सांगता येणार नाही.

बरेच जण डोळे झाकून 'वाढेल' वर खूण करतात. बरोबर उत्तर आहे 'बदलणार नाही'.

बचत वाढली, गुंतवणूक वाढली, यंत्रं वाढली, तरी वाढीचा दर तोच? हे पटत नाही, म्हणूनच तो प्रश्न विचारला जातो. सूत्र पाठ करण्याआधी हे घडतं कसं ते पाहूया.

आधी वाडीत जाऊया

रॉबर्ट सोलो या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने हे मॉडेल १९५६ साली मांडलं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या ट्रेव्हर स्वान यांनीही स्वतंत्रपणे जवळपास तेच मांडलं. सोलोंना १९८७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

मॉडेल देशाचं आहे, पण आपण ते वसई-विरारच्या किनाऱ्यावरच्या कळंबला आणू. समजा, तिथे एक मोठी वाडी आहे. केळी, भाजीपाला, फुलं. तिथल्या प्रत्येक कामगाराच्या वाट्याला पंप, पाइप, फवारणी यंत्र, टेम्पो असं मिळून ४ लाख रुपयांचं साहित्य येतं. हे झालं 'प्रति कामगार भांडवल', म्हणजे पुस्तकातलं k. त्या जोरावर एक कामगार वर्षाला २ लाखांचं उत्पादन काढतो. हे झालं y. (आकडे काल्पनिक आहेत, गणित सोपं जावं म्हणून घेतलेत.)

या दोघांमधलं नातं परीक्षेत बहुतेक वेळा असं दिलेलं असतं:

```
y = √k
```

भांडवल ४ तर उत्पादन २, भांडवल ९ तर उत्पादन ३. म्हणजे भांडवल दुपटीहून जास्त झालं, तरी उत्पादन फक्त दीडपट. कारण साधं आहे. पहिला पंप आला तेव्हा विहिरीतून पाणी शेंदण्याचे कष्ट वाचले, त्याचा फायदा प्रचंड. दुसरा आला तेव्हा थोडा वेळ वाचला. त्याच माणसाच्या हाती पाचवा पंप दिला तर तो चालवणार कधी? यालाच घटत्या फलाचा नियम म्हणतात. पुढची सगळी गोष्ट याच एका वाक्यावर उभी आहे.

'स्टेडी स्टेट' म्हणजे नक्की काय?

वाडी उत्पादनातला २० टक्के हिस्सा बाजूला ठेवते आणि त्यातून साहित्य घेते. प्रति कामगार २ लाखांचे २० टक्के म्हणजे ४० हजार.

आता हे ४० हजार जातात कुठे? खाऱ्या वाऱ्याने पंप गंजतात, पाइप फुटतात. वर्षाला ८ टक्के घसारा धरला तर ४ लाखांवर ३२ हजार नुसते जुनं टिकवण्यात जातात. शिवाय कामगारांची संख्या वर्षाला २ टक्क्यांनी वाढते. नव्या माणसाच्या हातीही तेवढंच साहित्य द्यायचं तर आणखी ८ हजार लागतात. बेरीज झाली ४० हजार.

बचत ४० हजार, गरज ४० हजार. शिल्लक शून्य. त्यामुळे पुढच्या वर्षीही प्रत्येकाच्या वाट्याला ४ लाखांचंच साहित्य राहतं आणि उत्पादनही २ लाखच. हीच स्थिर अवस्था, म्हणजेच स्टेडी स्टेट. सूत्रात:

```
s·y = (n + δ)·k
```

s म्हणजे बचतीचा दर, n म्हणजे कामगारांच्या वाढीचा दर आणि δ म्हणजे घसारा.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. स्थिर आहे ते एका कामगारामागचं उत्पादन. माणसं दरवर्षी २ टक्क्यांनी वाढताहेत, त्यामुळे वाडीचं एकूण उत्पादनही २ टक्क्यांनी वाढतंच आहे. प्रश्नात 'एकूण' आहे की 'प्रति कामगार', हे न वाचल्यामुळे अनेकांचे गुण जातात.

आता बचत ३० टक्के करूया

वाडीने ठरवलं, यापुढे २० नाही, ३० टक्के बाजूला ठेवायचे. काय काय होतं ते क्रमाने पाहू.

त्याच दिवशी उत्पादन बदलत नाही, कारण साहित्य तेवढंच आहे. पण घरी नेण्याची रक्कम लगेच घटते. आधी २ लाखांतले १ लाख ६० हजार खर्चाला मिळायचे, आता १ लाख ४० हजार.

बचत मात्र ६० हजार झाली. जुनं टिकवायला आणि नव्या माणसांना साहित्य द्यायला ४० हजारच लागतात. पहिल्यांदाच २० हजार शिल्लक राहिले. त्यातून प्रति कामगार भांडवल ४ लाखांवरून ४ लाख २० हजारांवर गेलं आणि उत्पादन साधारण २ लाख ५ हजारांवर. म्हणजे पहिल्या वर्षी जवळपास अडीच टक्के वाढ. आधी ती शून्य होती. आता वाटतं, जमलं की!

पण पुढच्या वर्षांत दोन गोष्टी एकदम घडतात. साहित्य वाढलं तसा घसाराही वाढतो, तोही भांडवलाच्या प्रमाणात. उत्पादन मात्र घटत्या फलामुळे त्या प्रमाणात वाढत नाही आणि बचत उत्पादनातूनच येते. त्यामुळे गरज बचतीपेक्षा वेगाने वाढत जाते आणि शिल्लक आटत जाते. या आकड्यांवर गणित पुढे नेलं तर साधारण १४ वर्षांनी उत्पादन २ लाख ५० हजारांवर पोहोचतं, पण तेव्हा वाढीचा दर एका टक्क्यावर आलेला असतो. ५० वर्षांनी तो ०.१ टक्क्याच्या आसपास उरतो.

हे थांबतं कुठे? भांडवल ९ लाख आणि उत्पादन ३ लाख झाल्यावर. तपासून बघा. ३ लाखांचे ३० टक्के म्हणजे ९० हजार बचत. ९ लाखांवर ८ टक्के घसारा ७२ हजार, नव्या कामगारांसाठी १८ हजार, एकूण ९० हजार. पुन्हा शिल्लक शून्य, पुन्हा स्थिर अवस्था. प्रति कामगार उत्पादनाची वाढ पुन्हा शून्य आणि एकूण उत्पादनाची वाढ पुन्हा २ टक्के.

म्हणजे बचत वाढवून वाडी आधीपेक्षा श्रीमंत झाली, यात शंका नाही. उत्पादन दीडपट झालं आणि खर्चाला २ लाख १० हजार मिळू लागले. पण ती एक पायरी चढून वर आली, सरकता जिना मिळाला नाही. बचत पातळी वाढवते, दीर्घकाळाचा वेग नाही. मधल्या काळात दिसणारा वेग हा पायरी चढतानाचा वेग असतो.

आणि ही पायरी फुकट मिळत नाही. सुरुवातीला घटलेला खर्च पुन्हा १ लाख ६० हजारांवर यायला या उदाहरणात साधारण ७ वर्षं लागतात. 'बचत वाढल्यावर उपभोगाचा मार्ग काढा' असा प्रश्न आला तर आकृतीत आधी खाली उडी दाखवायची, मग हळूहळू चढ.

मग जेवढी बचत जास्त तेवढं चांगलं?

नाही. बचत ५० टक्के केली तर स्थिर अवस्थेत भांडवल २५ लाख, उत्पादन ५ लाख आणि खर्चाला २ लाख ५० हजार. ६० टक्के केली तर भांडवल ३६ लाख, उत्पादन ६ लाख, पण खर्चाला फक्त २ लाख ४० हजार. उत्पादन वाढलं, हातात मात्र कमी आलं, कारण वाढीव उत्पादनापेक्षा जास्त पैसा साहित्य टिकवण्यातच गेला. खर्चाची रक्कम सर्वात जास्त होते त्या पातळीला 'गोल्डन रूल' म्हणतात. y = √k असेल तर ती ५० टक्क्यांवर येते, कारण k चा घातांक अर्धा आहे.

भारतात हे खरंच दिसलं का?

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला भारताची बचत उत्पन्नाच्या साधारण १० टक्के होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ती २० टक्क्यांच्या आसपास गेली. बचत दुप्पट झाली, पण अर्थव्यवस्था वर्षाला सरासरी साडेतीन टक्क्यांच्या आसपासच वाढत राहिली. याच मंद वेगाला अर्थतज्ज्ञ राज कृष्ण यांनी 'हिंदू रेट ऑफ ग्रोथ' असं नाव दिलं.

त्या काळी नियोजनावर ज्याचा प्रभाव होता, त्या हॅरॉड-डोमर पद्धतीच्या विचारात बचत दुप्पट म्हणजे वेगही जवळपास दुप्पट. त्या हिशेबाने हे कोडंच होतं. सोलोंच्या चष्म्यातून ते कमी कोडं वाटतं. बचत दुप्पट झाल्याने शेवटी किती फायदा होईल, हे घातांकावर ठरतं. आपल्या उदाहरणात घातांक अर्धा आहे, म्हणून प्रति कामगार उत्पादन अखेरीस दुप्पट होतं. अर्थतज्ज्ञ नेहमी घेतात तो एक-तृतीयांश घातांक घेतला तर ते फक्त १.४ पट होतं आणि तेही काही दशकांत पसरून.

पण सोलो मॉडेलने सगळं सुटतं असंही नाही. त्यानुसारही मधल्या काळात वेग थोडा तरी वाढायला हवा होता. तो फारसा दिसला नाही, कारण तेवढंच उत्पादन काढायला आधीपेक्षा जास्त भांडवल लागू लागलं होतं. वाडीच्या भाषेत, पंप घेतले पण ते नीट चालले नाहीत. ही उत्पादकतेची गोष्ट आहे. सोलो मॉडेलमध्ये प्रति कामगार उत्पादन कायम वाढवू शकणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे तांत्रिक प्रगती. आणि ती कुठून येते, हे मॉडेल सांगत नाही. ती बाहेरून आली असं गृहीत धरतं.

पेपरमध्ये काय तपासायचं?

- उत्पादन फलन: √k सारखं घटतं फल असेल तर वरचं सगळं लागू. y = Ak दिलं असेल तर घटतं फल नाही, मग बचतीने दीर्घकालीन वेगही वाढतो आणि उत्तर उलटं होतं.
- कशाची वाढ विचारली आहे: प्रति कामगार असेल तर शून्य, एकूण असेल तर n. तांत्रिक प्रगतीचा दर g दिला असेल तर अनुक्रमे g आणि n + g. यात s कुठेच नाही.
- कोणता काळ: 'दीर्घकाळात' असेल तर वेग तोच. 'नव्या स्थिर अवस्थेकडे जाताना' असेल तर वेग तात्पुरता वाढतो.
- गणित: y = √k असेल तर खालच्या सूत्रात आकडे घाला. बचत ०.३ आणि n + δ = ०.१ असेल तर ३ चा वर्ग, म्हणजे ९. वाडीतला आकडाही हाच होता.

```
k* = (s / (n + δ))²
```