टेंडर नामंजूर झालं किंवा रद्द झालं, तर बयाणा रक्कम परत कशी मागायची?

टेंडर भरलं आणि मिळालं नाही, यात काही नवल नाही. पण टेंडरसोबत भरलेली बयाणा रक्कम (कोणी इसारा म्हणतं, बोलताना सगळे ईएमडीच म्हणतात) सहा-सहा महिने अडकून राहते, ही आपल्याकडच्या छोट्या ठेकेदारांची जुनी तक्रार आहे. ज्याचा धंदा मोठा आहे त्याला चौदा-पंधरा हजारांचं काही वाटत नाही. पण ज्याने सोसायटीच्या कर्जातून नाहीतर कापूस विकून पैसे भरले, त्याचं पुढचं टेंडर या पैशांवाचून राहून जातं.

बहुतेक वेळा अर्ज केलेला असतो, पण मागणीच चुकीची केलेली असते. म्हणून आधी पैसा नेमका कुठे असतो ते बघू.

महाराष्ट्रात जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम, जलसंधारण अशा खात्यांची मोठी टेंडरं mahatenders.gov.in या पोर्टलवर निघतात. तिथे तुम्ही ऑनलाइन बयाणा भरता, तेव्हा तो कार्यालयाच्या बँक खात्यात जात नाही. तो पोर्टलसाठी बँकेत उघडलेल्या एका सामायिक खात्यात थांबतो. टेंडर ज्याला मिळालं त्याची रक्कम पुढे विभागाकडे वळते, बाकीच्यांची ज्या खात्यातून आली त्याच खात्यात आपोआप परत जाते. मात्र हे ‘आपोआप’ घडायला एक अट आहे. टेंडरचं पुढे काय झालं हे विभागाने पोर्टलवर नोंदवलं पाहिजे. तांत्रिक लिफाफ्यात नामंजूर केलं असेल तर तसं, काम दुसऱ्याला दिलं असेल तर तसं, रद्द केलं असेल तर रद्द. ही नोंद अधिकाऱ्याच्या लॉगिनमधून डिजिटल सहीने होते. नोंद नाही झाली तर पोर्टलच्या लेखी तुमचं टेंडर अजून चालूच आहे आणि पैसा जागचा हलत नाही.

आमच्या भागातल्या एका तरुण ठेकेदाराचं उदाहरण बघा. गावतलावाच्या दुरुस्तीचं काम होतं, अंदाजपत्रक 14,80,000 रुपयांचं, बयाणा एक टक्का म्हणजे 14,800. शिवाय फॉर्मची फी वेगळी, ती परत मिळत नाही हे त्याला माहीत होतं. ऑक्टोबरमध्ये टेंडर भरलं. दोनच निविदा आल्या, म्हणून कार्यालयाने डिसेंबरमध्ये त्याच कामाचं नवीन टेंडर काढलं. नवीन टेंडर काढलं खरं, पण जुनं पोर्टलवर रद्द करायचं राहूनच गेलं. कागदावर फाईल बंद आणि संगणकावर उघडी, अशी गत झाली.

हा गडी तीन महिने फिरत होता. बँकेत गेला, तर ते म्हणाले पैसे गेलेत, पुढचं आम्हाला माहीत नाही. कार्यालयात गेला, तर क्लार्क म्हणाला, “पैसे आमच्याकडे नाहीतच, ऑनलाइन आहेत, पोर्टलवाल्यांना विचारा.” पोर्टलच्या हेल्पलाइनला फोन केला, तर उत्तर मिळालं की विभागाने स्टेज अपडेट केलेली नाही. तिघेही खरंच बोलत होते, ही यातली गंमत. त्याने कार्यालयाला दोन अर्जही दिले होते, पण दोन्हीत एकच वाक्य होतं, “माझ्या रकमेचा धनादेश मिळावा.” जो पैसा कार्यालयाच्या खात्यात नाही, त्याचा धनादेश लेखा शाखा काढणार कुठून? अर्ज फाईलला लागले आणि तिथेच राहिले.

म्हणून अर्ज लिहायच्या आधी पाच मिनिटं पोर्टलवर घालवा. पहिल्या पानावर Tender Status म्हणून एक जागा आहे. तिथे टेंडर आयडी टाकला की ते कोणत्या टप्प्यावर आहे ते दिसतं. टेंडर आयडी म्हणजे वर्ष, कार्यालयाचं संक्षिप्त नाव आणि मग आकडे अशी ती लांब ओळ, भरल्याच्या पावतीवर असते. रद्द झालेली आणि फेरनिविदा निघालेली टेंडरं Cancelled/Retendered या यादीत असतात. तुमचं टेंडर त्या यादीत नसेल आणि टप्पा अजून सुरुवातीचाच दिसत असेल, तर दुखणं विभागाच्या लॉगिनमध्ये आहे असं समजा. त्या पानाची प्रिंट काढा, तीच तुमची मुख्य जोडपत्र. उलट टप्पा पुढे गेलेला दिसतो आणि तरी पैसा आला नाही, तर अडचण बहुधा तुमच्या बँक खात्यात आहे. त्याचं पुढे सांगतो.

अर्ज कोणाच्या नावाने? ज्या अधिकाऱ्याच्या सहीने टेंडर सूचना निघाली त्याच्या. बांधकाम विभागाचं टेंडर असेल तर कार्यकारी अभियंता. काम आपल्या गावचं असलं तरी सरपंचाला किंवा शाखा अभियंत्याला अर्ज देऊन उपयोग नाही, त्यांच्याकडे ते लॉगिन नसतं. एक प्रत लेखा शाखेला द्या. मजकूर साधारण असा ठेवा:

“विषय: निविदा आयडी क्र. (…) ची पोर्टलवर अंतिम स्थिती नोंदवून बयाणा रक्कम रु. 14,800 परत मिळणेबाबत.

महोदय, आपल्या कार्यालयाच्या निविदा सूचना क्र. (…), दि. (…) अन्वये (कामाचे नाव) या कामासाठी मी ऑनलाइन निविदा सादर केली होती. बयाणा रक्कम रु. 14,800 दि. (…) रोजी (बँक, शाखा) येथील माझ्या खात्यातून भरली असून व्यवहार क्रमांक (…) आहे. सदर कामाची फेरनिविदा दि. (…) रोजी प्रसिद्ध झाली आहे. तथापि मूळ निविदा पोर्टलवर अद्याप रद्द केल्याची नोंद नाही, त्यामुळे रक्कम परत आलेली नाही. पोर्टलवरील स्थितीची प्रत सोबत जोडली आहे. तरी मूळ निविदा पोर्टलवर रद्द करून रक्कम भरणा केलेल्या खात्यात परत होण्याची कार्यवाही करावी व केलेल्या कार्यवाहीची तारीख मला लेखी कळवावी, ही विनंती.”

तांत्रिक लिफाफ्यात नामंजूर झालं असेल तर फेरनिविदेचं वाक्य काढा आणि त्या जागी “माझी निविदा तांत्रिक मूल्यांकनात अपात्र ठरवली आहे, ते मूल्यांकन पोर्टलवर नोंदवावे व अपात्रतेचे कारण कळवावे” असं लिहा. कारण मागून घ्याच. एखादा दाखला जोडायचा राहिला म्हणून नामंजूर होणं वेगळं आणि बयाणा जप्त होणं वेगळं. जप्ती साधारणपणे तीन कारणांनी होते: मुदतीच्या आत निविदा मागे घेतली, काम मिळूनही करारनामा केला नाही, किंवा खोटी कागदपत्रं दिली. नेमकी अट तुमच्या निविदा पुस्तिकेत असते, ती वाचून ठेवा. नुसत्या नामंजुरीवरून कोणी “तुमचं डिपॉझिट गेलं” म्हणत असेल, तर कोणत्या अटीखाली गेलं हे लेखी मागा.

अर्ज आवक-जावकला देऊन आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. टेबलावर ठेवून आलेला अर्ज हा अर्ज नव्हेच.

वरच्या ठेकेदाराने असा अर्ज दिल्यावर खरी अडचण कळली. निविदा उघडण्यासाठी ज्या अधिकाऱ्यांच्या डिजिटल सह्या पोर्टलवर जोडल्या होत्या, त्यातल्या एकाची बदली झाली होती आणि नव्या साहेबांची सही अजून जोडलेली नव्हती. बदल्यांच्या हंगामात हे सर्रास होतं. ती जोडून घ्यायला पंधरा दिवस गेले, मग टेंडर रद्द दाखवलं गेलं आणि आठवड्याच्या आत 14,800 रुपये खात्यात आले. व्याज वगैरे काही नाही, बयाण्यावर ते मिळत नसतं.

आता बँक खात्याची बाजू. पैसा ज्या खात्यातून गेला त्याच खात्यात परत येतो, तुमच्या नावावर कोणतं खातं आहे हे पोर्टल बघत नाही. आपल्याकडे पुष्कळ जण तालुक्याच्या ऑनलाइन सेंटरवाल्याला रोख देतात आणि तो स्वतःच्या खात्यातून भरतो. मग परतावाही त्याच्याच खात्यात जातो. दोघांत वाद, आणि कार्यालयाचा त्यात काही दोष नाही. दुसरं म्हणजे मधल्या काळात खातं बंद केलं असेल, तर परत आलेली रक्कम पुन्हा मागे फिरते. तेव्हा ज्या खात्यातून भरलं ते पैसे येईपर्यंत चालू ठेवा. रक्कम मागे फिरलीच असेल, तर बँकेचं पत्र आणि व्यवहार क्रमांक घेऊन विभाग आणि पोर्टलची हेल्पलाइन दोघांनाही लेखी कळवा.

ग्रामपंचायतीच्या छोट्या कामांत अजूनही डीडी किंवा मुदत ठेवीची पावती मागतात, तिथे रीत वेगळी. डीडी कार्यालयाने वटवला नसेल तर मूळ डीडीच परत मागा. त्याची मुदत तीन महिने असते, ती संपली असेल तरी पैसा बुडत नाही, ज्या बँकेने काढला तिथे तो रद्द करून घेता येतो. वटवला असेल तर मात्र कार्यालयाने धनादेश किंवा खात्यात जमा करायचा. त्यासाठी आगाऊ पावती मागतात. पाच हजारांवर रक्कम असली की तिच्यावर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लागतं. कोऱ्या पावतीवर सही करू नका, रक्कम आणि टेंडरचा क्रमांक भरूनच करा. मुदत ठेव कार्यालयाच्या नावे अडकवलेली असेल तर नुसती पावती परत घेऊन चालत नाही, बँकेसाठी बोजा उठवल्याचं पत्र सोबत घ्या.

किती दिवस थांबायचं? केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांत (नियम 170) तांत्रिक टप्प्यात बाद झालेल्यांची रक्कम निकालापासून 30 दिवसांत, आणि इतरांची काम दिल्यापासून उशिरात उशिरा तिसाव्या दिवसापर्यंत परत करावी असं म्हटलंय. तो नियम केंद्राच्या खात्यांचा आहे. राज्याच्या कामात तुमच्या पुस्तिकेतली अट आणि निविदेचा वैधता कालावधी बघायचा. तो संपत आला असताना विभाग मुदत वाढवून मागत असेल, तर नाही म्हणण्याचा हक्क सहसा पुस्तिकेतच दिलेला असतो आणि तसं लेखी कळवल्यावर बयाणा परत मिळतो.

अर्जाला महिना होऊनही हालचाल नसेल तर आवक क्रमांकाचा हवाला देऊन स्मरणपत्र द्या, आणि त्यानंतर माहिती अधिकार. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा आणि मजकूर 150 शब्दांत, एकाच विषयापुरता ठेवा. ‘पैसे का दिले नाहीत’ असं विचारू नका, ‘का’ला उत्तर मिळत नाही. अमुक निविदेचं तांत्रिक मूल्यांकन पोर्टलवर कोणत्या तारखेला नोंदवलं, माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरची टिपणी आणि ती फाईल सध्या कोणाच्या टेबलावर आहे, एवढंच मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बऱ्याचदा उत्तर यायच्या आधी पैसे येतात.

ऑफलाइन भरलेल्या जुन्या रकमा मात्र पडू देऊ नका. सरकारी ठेवींच्या हिशोबात तीन पूर्ण आर्थिक वर्षं कोणी न मागितलेली रक्कम मार्चअखेर व्यपगत होते, म्हणजे सरकारजमा. ती नंतरही मिळू शकते, पण वेगळी मंजुरी लागते आणि तेव्हा तुमची मूळ पावती कोणी तरी मागतंच. ती पावती ठेकेदारीच्या फाईलला लावा, देवघरातल्या डब्यात नको.