चारांतले तीन चुकीचे पर्याय

एक प्रश्न बघा. संतोषने मार्चमध्ये आपली मोटार विकली. पैसे घेतले, किल्ली दिली, एप्रिलमध्ये आरटीओत आरसीवर नवं नावही चढलं. विमा मात्र संतोषच्याच नावावर राहिला. मे महिन्यात नव्या मालकाच्या हातून गाडी दुभाजकावर आदळली. गाडीच्या दुरुस्तीचा क्लेम कोणाला मिळेल?

(अ) संतोषला, पॉलिसी त्याच्या नावावर आहे म्हणून
(ब) नव्या मालकाला, गाडी त्याची आहे म्हणून
(क) दोघांना निम्मा निम्मा
(ड) कोणालाच नाही

विमा एजंट व्हायचं तर जी परीक्षा द्यावी लागते तिला धंद्यातली मंडळी ‘आयसी अडतीस’ म्हणतात. तासाभरात पन्नास प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, आणि पास व्हायला पस्तीस टक्के. बहुतेक उमेदवार ‘अपेक्षित’ घोकून जातात आणि पासही होतात. पण विम्याच्या तत्त्वांवरचे प्रश्न घोकण्यात फारसा अर्थ नाही. हे प्रश्न काढणारा माणूस बरोबर पर्यायापेक्षा चुकीच्या तीन पर्यायांवर जास्त डोकं चालवतो. क्लेमच्या टेबलापुढे बसलेला कोणीतरी ग्राहक जे बोलून गेलेला असतो, तेच तो पर्याय म्हणून लिहितो.

वरच्या प्रश्नाचं उत्तर (ड). संतोषकडे पॉलिसी आहे, पण गाडी मोडल्याने त्याच्या खिशाला काहीच तोशीस लागली नाही. ज्याच्या नुकसानीने आपल्याला पैशांचा फटका बसतो, त्याच वस्तूचा विमा आपल्याला चालतो. पुस्तकात यालाच विमाहित म्हणतात आणि संतोषचं विमाहित गाडीबरोबर गेलं. नव्या मालकाला फटका बसला, पण त्याचा कंपनीशी करारच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 157 नुसार गाडी हस्तांतरित झाली की विमाही नव्या मालकाकडे गेला असं मानतात, पण ते रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाच्या भरपाईपुरतं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीला ते लागू नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्येच सांगितलं आहे. त्यासाठी नव्या मालकाने चौदा दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची असते. सेकंडहँड गाडी घेणारा टायर दहा वेळा बघतो, हे एक पत्र मात्र विसरतो.

आता प्रश्नातलं ‘आरसीवर नवं नाव चढलं’ हे वाक्य काढून टाका. उत्तर बदलू शकतं. विकलेल्या, पण कागदोपत्री जुन्याच मालकाच्या नावे असलेल्या एका ट्रकच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये नोंदणीकृत मालकाला मालक मानून त्याचा क्लेम मान्य केला. म्हणजे एका ओळीवर (अ) आणि (ड) यांची अदलाबदल होते.

विमाहित कोणाचं, याच्याइतकाच परीक्षकाचा आवडता प्रश्न म्हणजे ते केव्हा असायला हवं. जीवन विम्यात पॉलिसी घेताना असलं की पुरे. आगीच्या विम्यात घेतानाही हवं आणि नुकसान होतानाही हवं. सागरी विम्यात नुकसान होताना असलं की भागतं. तक्ता पाठ करायला सोपा, पण त्यामागचं कारण कळलं तर तक्ता लागत नाही. बोटीत चढलेला माल वाटेतच विकला जातो. मुंबईहून निघताना तो एकाचा असतो, दुबईला उतरताना दुसऱ्याचा. त्यामुळे निघताना कोण मालक होतं याला महत्त्व नाही, बुडाला तेव्हा कोण होतं ते बघायचं. जीवन विमा उलट वीस-तीस वर्षं चालतो. मध्ये घटस्फोट झाला, भागीदारी मोडली, तरी इतकी वर्षं हप्ते भरलेला करार वाऱ्यावर सोडता येत नाही.

हे शेवटचं ठरलं 1854 मध्ये लंडनला. राणी व्हिक्टोरियाचे काका ड्यूक ऑफ केंब्रिज यांच्या आयुष्यावर एका पाद्र्याने अँकर नावाच्या कंपनीकडून विमा घेतला होता. अँकरने त्यातली काही जोखीम दुसऱ्या कंपनीकडे उतरवली. पुढे पाद्र्याची पॉलिसी रद्द झाली, म्हणजे ड्यूक गेले तरी अँकरला आता दमडीही द्यायची नव्हती. तरी अँकर दुसऱ्या कंपनीकडे हप्ते भरत राहिली आणि 1850 मध्ये ड्यूक गेल्यावर तिने पैसे मागितले. न्यायालयाने ते द्यायला लावले: घेताना विमाहित होतं, तेवढं बास. माझ्या मते निकाल थोडा उदारच होता, पण आपल्याकडची पाठ्यपुस्तकंही तोच नियम शिकवतात.

दुसरा प्रश्न हिशेबाचा. सांगलीतल्या एका व्यापाऱ्याच्या गोदामात दहा लाखांचा माल आहे. हप्ता वाचवायला त्याने सहा लाखांचाच विमा उतरवला. पुराच्या पाण्यात चार लाखांचा माल वाया गेला. कंपनी किती देईल?

(अ) 4 लाख
(ब) 6 लाख
(क) 2 लाख
(ड) 2 लाख 40 हजार

(ब) वर खूण करणारा विम्याला लॉटरी समजतो. नुकसानीपेक्षा पैसा जास्त हातात पडला तर गोदामात पाणी यावं असंच मालकाला वाटेल, म्हणून भरपाई कधीच नुकसानीच्या वर जात नाही. क्षतिपूर्तीचं तत्त्व इथूनच सुरू होतं. (क) ही नुसती सहातून चारची वजाबाकी, घाईत वाचणाऱ्यासाठी ठेवलेली. खरा सापळा (अ) आहे. नुकसान चार लाख, विमा सहा लाखांचा, मग चार लाख द्यायला हरकत काय, हा सवाल पूर ओसरल्यावर सर्व्हेअरला हमखास ऐकायला मिळतो.

हरकत अशी, की दहातल्या सहा लाखांची जोखीमच कंपनीने घेतली होती. उरलेल्या चार लाखांपुरता व्यापारी स्वतःच आपली विमा कंपनी झाला होता. म्हणून प्रत्येक रुपयाच्या नुकसानीत कंपनीचा वाटा साठ पैसे. चार लाखांचे साठ टक्के म्हणजे 2 लाख 40 हजार. उत्तर (ड), आणि पॉलिसीत त्याच्या आपल्या हिश्शाचे जे काही वजा व्हायचं असेल ते यातून वेगळं. या अटीला अ‍ॅव्हरेज क्लॉज म्हणतात. नाव सौम्य आहे, पण पुरानंतर हाती पडणाऱ्या चेकमध्ये सगळ्यात मोठा खड्डा तीच पाडते.

इथेही प्रश्नातला शब्द बघावा लागतो. माल म्हणजे दुकानदाराचा माल की घर? 1 एप्रिल 2021 पासून घरांसाठी जी ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी आली, तिच्यात कमी रकमेच्या विम्यासाठी अशी कपात होत नाही. लहान धंद्यांच्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे. आपल्या व्यापाऱ्याची तूट चाळीस टक्के, म्हणून त्याला ती सवलत नाही. आणि दहा लाख ही किंमत कशी धरायची? खरेदीच्या भावाने. व्यापारी बिलांच्या गठ्ठ्यात विक्रीचे भाव दाखवतात, तेव्हा सर्व्हेअर नफा बाजूला काढून ठेवतो. न झालेल्या विक्रीचा नफा हे मालाचं नुकसान नव्हे.

जीवन विम्याला मात्र यातलं काहीच लागू नाही, कारण माणसाची किंमत ठरवायची सोय नाही. म्हणून ‘खालीलपैकी कोणता करार क्षतिपूर्तीचा नाही?’ असा प्रश्न आला की पर्यायांत जीवन विमा शोधायचा. एकाच माणसाच्या दोन जीवन पॉलिसी असल्या तर दोन्हींचे पैसे मिळतात. एकाच गोदामाच्या दोन पॉलिसी असल्या तर दोन्ही कंपन्या आपापल्या हिश्शाने मिळून एकच भरपाई देतात.

तिसरं तत्त्व परम सद्भावाचं. प्रश्न: प्रपोजल फॉर्म भरताना यांतली कोणती गोष्ट आपणहून सांगितली नाही तरी चालेल?

(अ) पाच वर्षांपूर्वीची बायपास
(ब) गोदामात आग विझवण्याची नवी यंत्रणा बसवली आहे
(क) दुसऱ्या कंपनीने आधी विमा नाकारला होता
(ड) तंबाखूचं व्यसन

उत्तर (ब). जोखीम कमी करणारी गोष्ट सांगितली नाही तर तोटा सांगणाऱ्याचाच होतो, कंपनीचा नाही. या तत्त्वाचा मूळ खटला 1766 चा. सुमात्रातल्या फोर्ट मार्लबरोचा गव्हर्नर कार्टर याने किल्ला शत्रूच्या हाती पडण्याविरुद्ध विमा घेतला, आणि फ्रेंचांनी किल्ला घेतलाच. किल्ला कमकुवत आहे हे लपवलं, असं विमा देणाऱ्याचं म्हणणं. लॉर्ड मॅन्सफिल्डने दडवण्याविरुद्धचा नियम मांडला, पण निकाल दिला कार्टरच्या बाजूने: जे विमा देणाऱ्याला ठाऊक आहे किंवा ठाऊक असायला हवं, ते न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. हा खटला ग्राहकाच्या तोंडावर फेकला जातो, तो जिंकला ग्राहकच होता हे सहसा सांगत नाहीत.

आपल्याकडे विमा कायद्याच्या कलम 45 ने या तत्त्वाला मुदत घातली आहे. 2015 च्या दुरुस्तीनंतर जीवन विमा पॉलिसीला तीन वर्षं झाली की कोणत्याही कारणावरून तिच्यावर शंका घेता येत नाही, फसवणुकीच्या कारणावरूनही नाही. परीक्षेत विद्यार्थी इथे ‘फसवणूक असेल तर केव्हाही’ या पर्यायाकडे ओढले जातात, कारण तो न्याय्य वाटतो. पण खरी गोम तीन वर्षं कुठून मोजायची यात आहे. पॉलिसी दिल्याची तारीख, जोखीम सुरू झाल्याची, बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केल्याची आणि रायडर जोडल्याची, यांतली सर्वांत उशिराची तारीख धरतात. समजा जानेवारी 2020 ची पॉलिसी हप्ते थकून बंद पडली, ऑगस्ट 2022 मध्ये पुन्हा चालू झाली आणि विमाधारक मार्च 2024 मध्ये वारला. घरच्यांच्या हिशेबाने चार वर्षं उलटली, कंपनीच्या हिशेबाने दोनही नाहीत. पुनरुज्जीवनाच्या वेळी दिलेल्या तब्येतीच्या जाहीरनाम्यात मधुमेह दडवला असेल तर कंपनी तो उकरू शकते. फसवणूक सिद्ध झाली नाही, नुसती महत्त्वाची गोष्ट चुकीची सांगितली असं ठरलं, तर क्लेम नाकारूनही भरलेले हप्ते नव्वद दिवसांत परत द्यावे लागतात.

दडवलेली प्रत्येक गोष्ट महत्त्वाचीच असते असंही नाही. विमाधारकाने मणक्याचा आजार सांगितला नव्हता आणि मृत्यू झाला हृदयविकाराने, अशा प्रकरणात 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्लेम द्यायला लावला. उलट 2019 च्या एका निकालात आधीची पॉलिसी लपवणाऱ्याच्या वारसांना हात हलवत परतावं लागलं. ‘फॉर्म एजंटने भरला, आम्ही नुसती सही केली’ हा बचाव तिथे चालला नाही. सही करणाऱ्याने मजकूर वाचला असंच न्यायालय धरतं. एजंटांच्या परीक्षेत यावरचा पर्यायी प्रश्नही ठरलेला: ग्राहकाच्या सांगण्याशिवाय एजंटाने ‘आजार नाही’वर टिक केली, तर उत्तरांना जबाबदार कोण? निम्मे उमेदवार ‘एजंट’वर खूण करतात.